कर्जाचा करार मराठीत वाचताना

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या भाषणमालेतील एका भाषणाचं शब्दांकन. भाषणातले आकडे छपाईपूर्वी पुन्हा तपासून घेतले आहेत.)



कमिटीने मला विषय दिला 'गृहकर्ज'. मी बँकेच्या कर्ज विभागात नोकरी केली, म्हणून दिला असावा. पण तो सगळा विषय एका संध्याकाळी मावणारा नाही. म्हणून मी आज एकच करार घेऊन आलो आहे. तोसुद्धा कागदावर नाही, मोबाइलवर आलेल्या सत्तावीस फोटोंच्या रूपात.

हा करार माझ्या ओळखीच्या एका मुलीचा आहे. तिची परवानगी घेतली आहे, नाव मात्र सांगत नाही, आणि बँकेचंही सांगत नाही. मुलगी एका खासगी दवाखान्यात नर्स आहे, आई चार घरी स्वयंपाक करते. घरात याआधी कोणी बँकेकडून कर्ज घेतलेलं नाही. बदलापूरला एक तयार फ्लॅट बघितला, रिसेलचा. कर्ज वीस लाखांचं, मुदत वीस वर्षं. एका शुक्रवारी रात्री फोटो आले आणि खाली तिचा निरोप: "काका, इंग्रजी येतं मला, पण हे इंग्रजी येत नाही. सोमवारी सही करायची आहे."

शनिवार-रविवार आम्ही तिघं बसलो. मी वाचायचं, मराठीत सांगायचं, तिने वहीत लिहायचं आणि आईने मध्ये मध्ये विचारायचं. त्या दोन दिवसांत जे बोललो तेच आज तुमच्यासमोर मांडतो. चारच गोष्टी आहेत: व्याजाचा प्रकार, हप्त्याचा तक्ता, मुदतीआधी पैसे भरणं आणि हप्ता थकला तर काय.

फोटो न काढलेली पानं

करार छत्तीस पानी होता आणि फोटो सत्तावीस. मी विचारलं, उरलेली नऊ पानं कुठे? ती म्हणाली, "काका, त्यात काही नव्हतं, नुसते चौकोन होते."

मंडळी, ते नुसते चौकोन म्हणजेच तिचा करार. बँकेच्या करारातला दाट छापलेला मजकूर सगळ्या कर्जदारांना सारखाच असतो. त्यात लिहिलेलं असतं, 'व्याजदर परिशिष्टात नमूद केल्याप्रमाणे', 'मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क परिशिष्टात नमूद केल्याप्रमाणे'. म्हणजे पंचवीस पानं वाचून झाली तरी तुमचा दर किती, हे कळत नाही. ते शेवटच्या परिशिष्टात असतं, इंग्रजीत ज्याला शेड्यूल म्हणतात. तिथे तुमचं नाव, रक्कम, दर, हप्ता, तारीख, शुल्क हे टाइप करून किंवा हाताने भरतात. करार वाचायला बसाल तर पहिल्या पानापासून सुरुवात करू नका. आधी परिशिष्ट काढा, मग तिथला एकेक चौकोन मागच्या कोणत्या कलमाशी जोडलेला आहे ते बघा.

शनिवारी सकाळी तिने उरलेल्या नऊ पानांचे फोटो पाठवले. त्यातले दोन चौकोन कोरे होते. एक हप्त्याच्या तारखेचा आणि दुसरा दर बदलला तर काय करायचं याचा. बँकेच्या प्रतिनिधीने सांगितलं होतं, "ते आम्ही नंतर भरतो, तुम्ही फक्त सही करा." माणूस वाईट नसेल, घाईत असेल. पण कोऱ्या चौकोनाखाली सही केली की त्यात पुढे जे भरलं जाईल ते तुम्ही मान्य केल्यासारखं होतं.

या कागदांबरोबर आणखी एक छोटा कागद असतो, 'की फॅक्ट स्टेटमेंट'. मराठीत 'मुख्य तथ्य विवरण'. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या प्रत्येक नव्या किरकोळ कर्जाबरोबर तो देणं रिझर्व्ह बँकेने सक्तीचं केलं आहे. कर्जदाराला समजेल अशा भाषेत तो असायला हवा आणि त्यातला मजकूर समजावून सांगायला हवा. गृहकर्जासारख्या कर्जात त्यावर विचार करायला किमान तीन कामाचे दिवस मिळतात. आणि त्यात न लिहिलेलं शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय पुढे लावता येत नाही. 'सोमवारीच सही करा' असं कोणी म्हणालं, तर हे तीन दिवस लक्षात ठेवा. तिला तो कागद इंग्रजीत दिलेला होता. मराठीत मागितल्यावर तो मिळाला.

अंगठ्याखालची ओळ

आता व्याज. परिशिष्टाच्या पहिल्या फोटोत व्याजदराच्या चौकोनात लिहिलं होतं, 'वार्षिक ८.५० टक्के, फिक्स्ड'. खालच्या ओळीवर तिच्याच अंगठ्याची सावली पडली होती. तिला बँकेतही तोंडी 'फिक्स्ड' असंच सांगितलं होतं आणि घरात सगळे निर्धास्त होते की वीस वर्षं साडेआठ टक्के.

मी म्हटलं, या पानाचा पुन्हा एकदा फोटो काढ. सावलीखालची ओळ अशी होती: पहिल्या कर्जवाटपापासून चोवीस महिने, त्यानंतर फ्लोटिंग, रेपो दर अधिक ३.२५ टक्के.

म्हणजे हे फिक्स्ड कर्ज नव्हे. दोन वर्षं स्थिर आणि अठरा वर्षं बदलतं. याला मिश्र दराचं कर्ज म्हणता येईल. ते वाईट असतं असं नाही, पण आपण काय घेतो आहोत ते माहीत हवं.

फ्लोटिंग म्हणजे काय, हे तिच्या आईला मी असं सांगितलं. रिझर्व्ह बँक इतर बँकांना थोड्या दिवसांसाठी पैसे देते, त्या दराला रेपो म्हणतात. तो रिझर्व्ह बँकेची समिती ठरवते आणि पेपरात छापून येतो. त्यावर तुमची बँक आपला वाढावा लावते, त्याला स्प्रेड म्हणतात. इथे तो सव्वातीन टक्के. रेपो वर गेला की तुमचा दर वर, खाली आला की खाली. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी फ्लोटिंग गृहकर्जं अशा बाहेरच्या, सर्वांना दिसणाऱ्या दराशी जोडावी लागतात आणि दर तीन महिन्यांतून किमान एकदा फेरआढावा घ्यावा लागतो. त्यामुळे निदान दर कशावरून बदलला हे आपल्याला पेपर वाचून तपासता येतं.

तिने करार हातात घेतला तेव्हा रेपो ५.५० होता. त्यात ३.२५ मिळवले तर ८.७५. म्हणजे तिचा दोन वर्षांचा दर त्या दिवसाच्या फ्लोटिंगपेक्षा पाव टक्का कमी होता. ही सुरुवातीची सवलत. पण दोन वर्षांनी रेपो किती असेल हे तिला माहीत नाही, मला नाही आणि बँकेलाही नाही. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ एवढ्या काळात रेपो ४ टक्क्यांवरून ६.५० वर गेला होता. २०२५ मध्ये तो पुन्हा उतरला. दोन्ही बाजूंनी फिरणारी गोष्ट आहे.

हप्त्याचा तक्ता

हप्ता होता १७,३५६ रुपये. सोबत दोनशे चाळीस ओळींचा तक्ता जोडलेला. प्रत्येक ओळीत चार रकाने: हप्ता, त्यातलं व्याज, त्यातली मुद्दल आणि शिल्लक कर्ज.

पहिली ओळ मी तिच्याकडून मांडून घेतली. वीस लाखांवर साडेआठ टक्क्यांनी वर्षाचं व्याज एक लाख सत्तर हजार. बारांनी भागलं की १४,१६७. हप्ता १७,३५६. म्हणून पहिल्या महिन्यात मुद्दल फिटली फक्त ३,१८९ रुपये. दुसऱ्या महिन्यात कर्ज तेवढं कमी झालं म्हणून व्याज बावीस-तेवीस रुपयांनी कमी, आणि तेवढीच मुद्दल जास्त. हप्ता तोच राहतो, आतली वाटणी सरकत जाते. चोवीस हप्ते, म्हणजे एकूण सव्वाचार लाखांच्या जरा आत रक्कम भरल्यावर तक्त्यात शिल्लक दिसते साधारण १९,१६,९००. फिटली फक्त त्र्याऐंशी हजारांची मुद्दल. आई म्हणाली, "मग बाकीचे पैसे गेले कुठे?" गेले व्याजात. बँकेने चोरले नाहीत. वीस लाख वापरायला घेतल्याचं ते भाडं आहे. पण सुरुवातीची वर्षं कशी असतात ते आधी दिसलेलं बरं.

आता त्या तक्त्यातली खरी गोम. त्यात २५व्या ओळीपासून २४०व्या ओळीपर्यंत हप्ता १७,३५६ च छापलेला होता, साडेआठ टक्के धरून. पण २५व्या महिन्यापासून दर साडेआठ असेलच असं करार म्हणत नाही. म्हणजे पहिल्या चोवीस ओळी कराराप्रमाणे आणि पुढच्या दोनशे सोळा ओळी अंदाजाप्रमाणे, पण छपाई एकसारखी. तिला मी पेन्सिलने चोवीसाव्या ओळीखाली रेघ मारायला सांगितली.

समजा दोन वर्षांनी रेपो ६.२५ झाला. अशक्य नाही, २०२५ च्या फेब्रुवारीत तो तेवढाच होता. मग तिचा दर साडेनऊ. शिल्लक १९,१६,९०० आणि उरलेले हप्ते २१६. आता दोन वाटा आहेत.

पहिली वाट, मुदत तीच ठेवायची आणि हप्ता वाढवायचा. हप्ता होतो सुमारे १८,५५४ रुपये. महिन्याला साधारण बाराशे जास्त. अठरा वर्षांत जादा गेले जवळजवळ दोन लाख साठ हजार.

दुसरी वाट, हप्ता तोच ठेवायचा आणि मुदत वाढवायची. महिन्याला एक रुपयाही जास्त जात नाही, म्हणून कोणाला काही कळतही नाही. पण उरलेले हप्ते २१६ चे २६३ होतात. सत्तेचाळीस हप्ते जास्त, म्हणजे जवळजवळ चार वर्षं. सत्तेचाळीस गुणिले १७,३५६ म्हणजे आठ लाखांच्या वर.

एकच टक्का वाढला. एका वाटेने अडीच-पावणेतीन लाख आणि दुसऱ्या वाटेने आठ लाख. असं का होतं? साडेनऊ टक्क्यांनी त्या महिन्याचं व्याजच १५,१७५ होतं. १७,३५६ मधून ते वजा केलं तर मुद्दलीला उरतात जेमतेम बावीसशे रुपये. मुद्दल इतकी हळू फिटते की कर्ज लांबत जातं.

आणि कोरा राहिलेला दुसरा चौकोन याच निवडीचा होता. तो कोरा राहिला की बँकेची यंत्रणा बहुधा मुदत वाढवते, कारण हप्ता बदलला की ग्राहकाची तक्रार येते, खात्यातून पैसे वळते करण्याची मंजुरी अपुरी पडू शकते. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की थोडं थोडं दोन्ही, हा पर्याय कर्जदाराला द्यायला हवा. तेव्हा तो चौकोन भरून घ्या. तिने लिहून घेतलं: 'हप्ता वाढवावा, मुदत वाढवू नये'. तिच्या पगारातून बाराशे रुपये निघतील असा हिशेब तिने आधी करून बघितला. ज्याच्या पगारातून निघणार नाहीत, त्याला मुदत वाढवावी लागेल. पण तो निर्णय त्याचा असावा, कोऱ्या चौकोनाचा नसावा.

मुदतीआधी पैसे भरणं

तिसरा चौकोन: मुदतपूर्व परतफेड. लिहिलं होतं, 'स्थिर दराच्या काळात भरलेल्या रकमेवर २ टक्के अधिक लागू कर, त्यानंतर शून्य'.

यामागचा नियम असा. व्यक्तीने व्यवसायाव्यतिरिक्त कारणासाठी घेतलेलं कर्ज फ्लोटिंग दराचं असेल तर मुदतीआधी पैसे भरल्याबद्दल बँकेला शुल्क लावता येत नाही. बँकांच्या गृहकर्जांना हे २०१२ पासून लागू आहे. स्थिर दराच्या कर्जाला मात्र ही सूट नाही. आणि तिच्यासारख्या मिश्र कर्जात, पैसे भरता त्या दिवशी दर स्थिर आहे की फ्लोटिंग, ते बघायचं. म्हणजे तोच पहिला चौकोन इथेही निर्णय करतो.

तिला हे लगेच लागणार होतं, कारण वर्षभराने आईच्या भिशीचे आणि थोड्या साठवणुकीचे मिळून एक लाख यायचे होते. ते लगेच कर्जात भरावेत की दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत थांबावं? हिशेब सोपा आहे. एक लाखावर दोन टक्के म्हणजे दोन हजार, त्यावर अठरा टक्के कर ३६०. एकूण २,३६०. आणि एक लाखावर साडेआठ टक्क्यांनी महिन्याचं व्याज वाचतं ७०८. म्हणजे साडेतीन महिन्यांत शुल्क वसूल. स्थिर काळाचे दोन-तीन महिनेच उरले असतील तर थांबावं. वर्ष उरलं असेल आणि पैसे नुसते बचत खात्यात पडून राहणार असतील तर शुल्क देऊनही आत्ता भरणं फायद्याचं. ते वर्षभर मुदत ठेवीत ठेवले तर दोन्ही जवळजवळ सारखंच पडतं. मग आजारपणासाठी हाताशी राहतात, म्हणून ठेवच बरी. तिने ठेवीचा पर्याय निवडला.

आणि दोन वर्षांनी, दर साडेनऊ झाला असं धरून, तेच एक लाख भरले तर? हप्ता १७,३५६ च ठेवला तर उरलेले २६३ हप्ते २२४ वर येतात. एका लाखाने एकोणचाळीस हप्ते गेले. सुरुवातीच्या काळात भरलेला पैसा एवढं काम करतो, कारण तो सरळ मुद्दलीत जातो आणि त्यावरचं पुढच्या सगळ्या वर्षांचं व्याज थांबतं. हेच एक लाख शेवटच्या दोन वर्षांत भरले तर जेमतेम सहा-सात हप्ते वाचतील.

फक्त पैसे भरताना शाखेत लेखी द्या की ही रक्कम मुद्दलीत जमा करा, हप्ता कमी करू नका, मुदत कमी करा. काही ठिकाणी ती पुढच्या हप्त्यांची आगाऊ रक्कम म्हणून ठेवली जाते आणि मग व्याज वाचत नाही. पुढच्या महिन्याच्या उताऱ्यात शिल्लक बरोबर एक लाखाने जास्त उतरली का, ते बघा. तेवढी एक नजर पुरे.

हप्ता थकला तर

चौथा भाग वाचताना घरात जरा शांतता होती. आईने विचारलं, "एक हप्ता चुकला तर घर काढून घेतात का?" नाही. पण पायऱ्या माहीत हव्यात.

समजा हप्त्याची तारीख ५ आहे आणि ५ मार्चचा हप्ता खात्यात पैसे नसल्याने परत गेला. त्या दिवशी दोन खर्च लागतात. हप्ता परत गेल्याचं शुल्क, आणि दंडात्मक शुल्क. पूर्वी बँका दंडव्याज लावत, म्हणजे व्याजदरच वाढवत. एप्रिल २०२४ पासूनच्या नव्या कर्जांना तसं करता येत नाही. दंड शुल्क म्हणूनच लावायचा आणि त्या दंडावर पुन्हा व्याज चढवायचं नाही. तिच्या करारात एका जुन्या छापील कलमात 'दंडव्याज' हा शब्द राहून गेला होता आणि परिशिष्टात बरोबर 'दंडात्मक शुल्क' होतं. आम्ही शाखेत दाखवलं, त्यांनी तो शब्द खोडून शेजारी सही केली.

हप्ता थकला की बँक दिवस मोजायला लागते. तीस, साठ, नव्वद. नव्वद दिवस झाले की, म्हणजे या उदाहरणात ३ जूनला, खातं अनुत्पादक ठरतं, ज्याला आपण एनपीए म्हणतो. इथे एक गैरसमज बरेचदा आढळतो. माणूस मार्चचा हप्ता चुकवतो, एप्रिल-मेचे भरतो आणि समजतो की एकच मागे आहे, बघू. पण आलेले पैसे सहसा आधी जुन्या बाकीत जमा होतात. म्हणून तो कायम एक हप्ता मागेच राहतो, दर महिन्याला दंड लागतो आणि पतमापनात तो उशीर दिसत राहतो. आणि एकदा खातं अनुत्पादक झालं की एक-दोन हप्ते भरून ते पूर्ववत होत नाही. सगळी थकबाकी भरावी लागते.

त्यानंतर करारातलं ते भीतीदायक कलम जागं होतं: संपूर्ण कर्ज एकरकमी मागण्याचा हक्क. बँक सरफेसी कायदा, २००२, यातल्या कलम १३(२) खाली नोटीस देते. तिची मुदत साठ दिवस. त्या काळात लेखी हरकत घेता येते आणि बँकेला पंधरा दिवसांत उत्तर द्यावं लागतं. साठ दिवसांनंतरच ताब्याची कारवाई, आणि तिच्याविरुद्ध पंचेचाळीस दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. म्हणजे पहिल्या चुकलेल्या हप्त्यापासून ताब्याच्या टप्प्यापर्यंत किमान पाच महिने जातात. पण माझा अनुभव असा की लोक हे पाच महिने फोन न उचलण्यात घालवतात. पहिल्या महिन्यात शाखेत गेलं तर अधिकाऱ्याच्या हातात काहीतरी असतं. हप्त्याची तारीख पगाराच्या तारखेनंतर नेता येते, मुदत वाढवून हप्ता उतरवता येतो. नोटीस निघाल्यावर त्याच्या हातात फारसं काही उरत नाही.

तिच्या पगाराची तारीख होती ७. म्हणून पहिला कोरा चौकोन आम्ही ५ ऐवजी १० असा भरून घेतला.

या भागात दोन शब्द आणखी होते, 'जॉइंटली अँड सेव्हरली'. मराठी करारात 'संयुक्तपणे आणि पृथकपणे' असं लिहितात. आईला सहकर्जदार म्हणून सही करायची होती आणि तिची समजूत होती की ही साक्षीदाराची सही. मी तिला सरळ सांगितलं: मुलीने पैसे भरले नाहीत तर बँक अर्धे नाही, सगळे पैसे तुमच्याकडे मागू शकते. आधी मुलीकडे मागा, मग माझ्याकडे या, असंही तुम्हाला म्हणता येणार नाही. उशीर झाला तर तुमच्या नावावरही नोंद होईल. आणि एवढं सगळं करून, सहकर्जदार झालात म्हणून फ्लॅट तुमच्या नावावर होत नाही. खरेदीखतात नाव असेल तरच मालकी.

ती बराच वेळ बोलली नाही. मग मुलगी म्हणाली, "आई, खरेदीखतात तुझंही नाव घालू." खरेदीखताचा मसुदा अजून तयार होत होता, तेव्हा ते जमलं. सगळ्या वाचनातून निघालेली सगळ्यात मोठी गोष्ट मला विचाराल तर हीच. ती करारात कुठेच लिहिलेली नव्हती.

सोमवारऐवजी गुरुवारी सही झाली. व्याजदर एक पैसाही बदलला नाही, बँकही तीच. बदललं ते एवढंच: दोन चौकोन भरले गेले, एक जुना शब्द खोडला, सही केलेल्या कराराची पूर्ण प्रत परिशिष्टासकट मिळाली.

शेवटी आलेला प्रश्न

भाषणानंतर सभासदांपैकी एकांनी विचारलं, "आमचं कर्ज आधीच चालू आहे. आता आम्ही काय बघायचं?" त्याचं उत्तर इथे लिहून ठेवतो, कारण अनेकांना ते लागेल.

बँकेने दर तीन महिन्यांनी तुम्हाला एक विवरण द्यायला हवं. त्यात आतापर्यंत वसूल झालेली मुद्दल आणि व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेले हप्ते आणि चालू दर असतो. त्यातला 'उरलेले हप्ते' हा एकच आकडा बघा. कर्ज घेतल्यापासून भरलेले हप्ते त्यात मिळवा. बेरीज तुमच्या मूळ मुदतीइतकी आली तर ठीक. जास्त आली, तर तुमची मुदत वाढवली गेली आहे. २०२२ च्या आधी फ्लोटिंग दराने कर्ज घेतलेल्या अनेकांना ही बेरीज जास्त आलेली दिसेल. दर पुन्हा उतरल्यावर ती आपोआप मूळ जागी येतेच असं नाही. शाखेत लेखी अर्ज द्या, हप्ता थोडा वाढवून मुदत मूळ जागी आणा. तीस दिवसांत उत्तर मिळालं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, त्याला पैसे पडत नाहीत.

कागद घेऊन कोणी आलं तर मी रविवारी सकाळी घरी असतो. फोटो पाठवणार असाल तर शेवटची, चौकोनांची पानं आधी पाठवा, आणि अंगठा बाजूला ठेवा.